गार वाळू

बुधवार, रात्री साडेदहा

काल ओतलेल्या 210 पंप बॉडी आज फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, होऊन तपासणीला आल्या. रिजेक्ट सात. तीन आठवड्यांपूर्वी, त्या मंगळवारच्या मालात, एकोणीस होत्या. वहीत आकडा लिहिताना हात थोडा थरथरला, कारण त्या एकोणीस पिसांवरून मी घरात काय करून ठेवलं होतं ते आठवलं.

शिरोली एमआयडीसीतल्या काकांच्या फाउंड्रीत मी आठ आठवड्यांची इंटर्नशिप करतेय. काम एकच: रोजचं रिजेक्शन दोषांप्रमाणे वेगळं करून वहीत उतरवायचं. दुसऱ्या आठवड्यात मला एकोणीसपैकी तेरा पिसांत ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली छिद्रं, दिसली. साच्यांची वाळू तयार करणारा सँड प्लांट दादाकडे, म्हणजे काकांच्या मुलाकडे. त्या रात्री सगळे काकांकडे जेवायला होतो. रस्सा वाढून होत होता आणि मी म्हणाले, "दादा, तुझ्या वाळूमुळं माल जातोय."

काकूंचा हात वाढता वाढता थांबला. दादानं ताट सरकवलं. "दोन आठवड्यांत शहाणी झालीस," एवढंच बोलला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी काकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत, समोर कागद ठेवला आणि माझ्याच हातानं लिहून घेतलं. मी रिपोर्ट फोरमनमामांना करायचा, काकांना नाही आणि बाबांना तर नाहीच. मालाबद्दलचं बोलणं फक्त शनिवारी सकाळी नऊच्या मीटिंगला, फोरमनमामांसमोर, वही उघडी ठेवून. जेवणाच्या ताटावर कारखाना नाही. मीही एक ओळ घालून घेतली: माझं काही चुकलं तर काकांनी ते मलाच सांगायचं, बाबांना फोन करून नाही. पहिल्या आठवड्यात मी दोन दिवस उशिरा पोचले होते, ते मला घरी बाबांकडून कळलं होतं आणि फार लागलं होतं.

त्याच दुपारी फोरमनमामांनी रिजेक्ट ढिगातून माझे तेरा पीस काढायला लावले. "पोरी, ह्येच्यात बोट फिरव. गुळगुळीत लागलं तर ब्लो. खरबरीत लागलं, कण हाताला आलं, तर ती वाळू सांडलीय साच्यात." तेरापैकी पाच खरबरीत निघाले. म्हणजे खरे ब्लोहोल आठच. अर्ध्या चुकीच्या आकड्यावर मी दादाला सगळ्यांसमोर बोलले होते. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढचे दोन मंगळवार मी गप्प राहून फक्त मोजलं, प्रत्येक पिसात बोट घालून. दहा आणि नऊ. इतर दिवशी ब्लोहोल दोन-तीनच्या वर जात नव्हते. गेल्या शनिवारी वही मध्ये ठेवली आणि "मंगळवारी असं दिसतंय" एवढंच म्हणाले, असं का होतं ते मला माहीत नव्हतं. दादानं वही स्वतःकडे ओढली आणि बराच वेळ पाहत बसला. कारण त्यानंच सांगितलं. रोज ओतकाम चालू असताना परत येणारी वाळू गरम असते, टाकलेल्या पाण्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. सोमवारी सुट्टी, वाळू गार पडते. मंगळवारी वाळू मळायच्या पहिल्या घाण्यांत पोरगा सवयीनं तेवढंच पाणी टाकतो आणि ते सगळं वाळूतच राहतं. ओल जास्त, ओतताना वाफ जास्त, वाफेला बाहेर पडायला वाट नाही, की ब्लो.

काल सकाळी पहिल्या घाण्याला दादानं ओल मोजली. 4.6 टक्के, आपल्याकडं साडेतीनच्या आसपास ठेवतात. पुढच्या घाण्यांना पाणी कमी केलं. आजच्या सातांत ब्लो तीन. एका मंगळवारावरून नक्की म्हणता येत नाही, अजून दोन तरी बघायला हवेत.

बाकीच्या गोष्टी हळूहळू बसतायत. स्टायपेंड महिना 8,000, हजेरीप्रमाणे बँकेत जमा होतो. काकांनी वर खर्चाला दिलेले पैसे मी परत केले. आत्यानं अकरा वाजता सीबीएस स्टँडवरून न्यायला ये म्हणून फोन केला, तेव्हा "सहानंतर येते आत्या" म्हणताना जीभ जड झाली. ती रुसली, दोन दिवसांनी बोलली. कॉलेजच्या मॅडमना मालक सख्खे काका आहेत हे कळवलंय. मूल्यमापनाचा फॉर्म आता फोरमनमामा भरतील, काका फक्त शिक्का मारतील.

संध्याकाळी निघताना दादा गेटपाशी भेटला. वहीबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "काकूला सांग, रविवारी तुमच्याकडं जेवायला येतोय."

आईला आल्या आल्या सांगितलं.