पेनाचं टोपण

आज मॅडमनी पेनाला टोपण लावलं तो टक् आवाज अजून डोक्यातून जात नाहीये.

वर्गात प्रश्न कसे विचारावेत यावर शिक्षकांसोबत काम करणं हे माझं काम, आणि या मॅडमबरोबरच्या आजच्या बोलण्याची तयारी नीट केली होती. सोमवारी त्यांच्या अपूर्णांकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून २० मिनिटांतला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला. एकूण २६ प्रश्न, त्यातल्या १९ ना एका शब्दाचं उत्तर पुरतं, आणि ११ वेळा मुलांनी तोंड उघडायच्या आत मॅडमनीच उत्तर सांगून टाकलं. आज तोच कागद समोर ठेवला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "यात तुम्हाला काय दिसतंय?" त्या वाचत होत्या, बोट एकेका ओळीवरून सरकत होतं, आणि मला ती शांतता सहन होईना. "म्हणजे बघा, आपण मुलांना विचार करायला वेळच देत नाही." "हो सर, बरोबर आहे." टोपण बंद.

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीनेक सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. आणि आज मॅडमचं उत्तर मीच देऊन टाकलं. इतकी वर्षं हे काम करून काय उपयोग, असं घरी येईपर्यंत वाटत होतं. बाकीचंही बरंच वाटत होतं, ते जाऊ दे.

पण त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं हे आत्ता आठवतंय. "३/४ मोठा की २/३?" ही ती ओळ. इथे नुसतं थांबून काही होणार नाही, दोनच पर्याय, मुलं अंदाजाने एक ठोकतात. मी वेळेचं बोलत बसलो, त्यांना बहुतेक प्रश्नच खटकला होता.

उद्या मधल्या सुट्टीत परत भेटायचं. कागद तोच, पण मी फक्त त्या ओळीवर बोट ठेवून विचारणार, "इथे मुलांच्या तोंडून काय यावं असं तुमच्या मनात होतं?" आणि त्या बोलेपर्यंत गप्प. मग तोच प्रश्न त्यांनाच बदलायला सांगायचा. माझ्याकडे "३/४ मोठा आहे हे तू मित्राला कसं पटवशील?" तयार आहे पण तो आधी काढायचा नाही. मग मी विद्यार्थी, त्यांनी विचारायचं, मनात तीन मोजायचे, नंतर नाव घ्यायचं, आणि माझं उत्तर आल्यावर लगेच "बरोबर" न म्हणता पुन्हा थांबायचं, कारण "बरोबर" म्हटलं की बाकीच्या मुलांचा विचार तिथेच थांबतो. एवढी एकच गोष्ट, जास्त नाही.

गुरुवारी १० मिनिटं वर्गात बसेन, हा एकच प्रश्न ऐकायला. नंतर विचारेन, "कुणाचं उत्तर तुम्हाला अनपेक्षित होतं?" कुणाचंच नसेल तर प्रश्न अजून बंदच आहे, म्हणजे ठरलेलं एकच उत्तर मागतोय, परत बदलू.

टोपण उघडं राहिलं तरी पुरे. माझ्या वहीवर वरती ३ लिहून गोल केलाय.