सातवीच्या गणिताची चाचणी आणि आयआरटीचा अहवाल : माझा अनुभव

गेल्या वर्षी सातवीच्या गणिताच्या एका चाचणीचं विश्लेषण माझ्याकडे आलं. 30 प्रश्न, 1,180 मुलं, आणि उत्तरं पर्यायांतून निवडायची नव्हती, मुलांनी स्वतः लिहायची होती. त्यामुळे अंदाजाने खूण करून गुण मिळण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हता. आयटम रिस्पॉन्स थिअरीचं, म्हणजे आयआरटीचं, दोन मूल्यांचं मॉडेल वापरायचं ठरवलं : प्रत्येक प्रश्नाचं एक काठिण्य आणि एक भेदन, म्हणजे कमी-जास्त क्षमतेची मुलं तो प्रश्न किती ठळकपणे वेगळी करतो. आकडेमोड आर या सॉफ्टवेअरमधल्या `mirt` पॅकेजने काही मिनिटांत झाली. अहवालाला मात्र तीन आठवडे लागले, कारण तो वाचणार होते गणिताचे शिक्षक आणि एक निवड समिती. समितीला याच गुणांवरून उन्हाळी शिबिरासाठी 80 मुलं घ्यायची होती.

पहिला मसुदा शिक्षकांच्या बैठकीत ठेवला. प्रश्न 4 होता, ‘3 किलो 250 ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम?’ माझ्या तक्त्यात त्याच्यासमोर काठिण्य 1.92 होतं, म्हणजे पेपरातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक. एक अनुभवी बाई लगेच म्हणाल्या, “अहो सर, हा तर माझ्या वर्गात बहुतेकांनी सोडवलाय. अवघड कसा?” मी मूळ उत्तरं काढून पाहिली. 80 टक्के मुलांचं उत्तर बरोबर होतं.

चूक माझीच होती. `mirt` आपणहून जो तक्ता देतं त्यात काठिण्य नसतंच. त्यात `a1` आणि `d` असतात, आणि `d` जितका मोठा तितका प्रश्न सोपा. काठिण्य काढायचं तर `d` ला `a1` ने भागून चिन्ह उलटं करायचं. प्रश्न 4 चा `a1` 1.6 होता, म्हणजे खरं काठिण्य −1.2. हे रूपांतर पॅकेजला सांगूनही होतं :

```
mod <- mirt(resp, 1, itemtype = "2PL")
p <- coef(mod, IRTpars = TRUE, simplify = TRUE)$items
cor(p[, "b"], colMeans(resp))
```

शेवटची ओळ मी आता कधीच वगळत नाही. काठिण्य वाढलं की बरोबर उत्तरांचं प्रमाण कमी व्हायला हवं, म्हणून हा सहसंबंध ठळकपणे ऋण यायला हवा. धन आला तर स्तंभ चुकीचा उचलला आहे.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट कळली. बीएडला शिकलेलं ‘काठिण्य मूल्य’ म्हणजे बरोबर उत्तरांची टक्केवारी, आणि तिथे आकडा मोठा म्हणजे प्रश्न सोपा. आयआरटीत नेमकं उलट. दुरुस्त केलेला तक्ताही निम्म्या शिक्षकांनी उलटाच वाचला असता. म्हणून मी मुलं आणि प्रश्न एकाच मोजपट्टीवर मांडले : सरासरी 500, प्रमाण विचलन 100. त्यावर प्रश्न 4 ची जागा 380 येते. अहवालात लिहिलं, ‘380 च्या आसपासच्या 100 मुलांना हा प्रश्न दिला तर साधारण 50 जणांना जमेल, त्यापुढच्या मुलांना जमण्याची शक्यता वाढत जाते.’ उणे चिन्ह गेलं आणि प्रश्न कुणासाठी आहे हे नजरेत आलं.

भेदनासाठी दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींची जागा 550. प्रश्न 22 : 500 रुपयांच्या शर्टाची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली, मग वाढलेली किंमत 20 टक्क्यांनी कमी केली, आता किंमत किती? (बरोबर उत्तर 480, चुकणारी बहुतेक मुलं 500 लिहितात.) प्रश्न 19 : बस सकाळी 9:40 ला सुटली, प्रवासाला 2 तास 35 मिनिटं लागली, वाटेत ती 20 मिनिटं थांबली, तर ती किती वाजता पोहोचली? पहिल्याचं भेदन 1.8, दुसऱ्याचं 0.5. हे आकडे मी परिशिष्टात टाकले आणि मजकुरात एवढंच लिहिलं : शर्टाचा प्रश्न 450 गुणांच्या 100 मुलांपैकी 14 जणांना येतो आणि 650 गुणांच्या 86 जणांना. बसचा प्रश्न पहिल्या गटात 38 जणांना येतो, दुसऱ्यात 62 जणांना.

असं मांडल्यावर शिक्षकांनीच बसच्या प्रश्नाची उत्तरपत्रिका मागितली. चांगल्या मुलांत दोन उत्तरं होती, 12:15 आणि 12:35. ‘2 तास 35 मिनिटांत’ थांबा धरला आहे की नाही, हे प्रश्नातून कळतच नव्हतं. उत्तरसूचीत 12:35 होतं. कमी भेदनाचा अर्थ ‘प्रश्न वाईट’ एवढाच लिहून सोडला असता तर ही संदिग्धता कुणी शोधली नसती. गणित येणारी मुलं गुण गमावत होती, आणि दोष प्रश्नाच्या शब्दांत होता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो तिसऱ्या गोष्टीवर : एखादा प्रश्न मुलांची क्षमता किती नेमकी मोजतो. इंग्रजीतल्या ‘इन्फर्मेशन’ या संज्ञेचं शब्दशः भाषांतर ‘माहिती’ असं होतं, आणि ‘प्रश्नाची माहिती 0.81’ हे वाक्य कुणालाही काहीच सांगत नाही. मी ‘मोजमापाचा नेमकेपणा’ म्हणून पाहिलं, शेवटी ‘अचूकता’ हा शब्द ठेवला. दोन मूल्यांच्या मॉडेलमध्ये प्रश्नाची अचूकता त्याच्या स्वतःच्या जागेवर सर्वाधिक असते, आणि तिथे ती भेदनाच्या वर्गाचा चौथा भाग असते. शर्टाचा प्रश्न 0.81, बसचा 0.06. म्हणजे 550 च्या जागी शर्टाच्या एका प्रश्नाचं काम करायला बससारखे 13 प्रश्न लागतील.

सगळ्या प्रश्नांच्या अचूकतेची बेरीज म्हणजे त्या जागी चाचणीची अचूकता. एकला तिच्या वर्गमुळाने भागलं की मोजमापातली त्रुटी मिळते, आणि तिला 100 ने गुणलं की ती आपल्या मोजपट्टीच्या गुणांत येते. मी आलेखाऐवजी ही त्रुटीच गुणांत लिहिली. 400 च्या जागी बेरीज 8 होती, म्हणजे त्रुटी सुमारे 35 गुण. 650 च्या जागी बेरीज फक्त 2.5, त्रुटी सुमारे 63 गुण. कारण साधं होतं : बहुतेक प्रश्नांच्या जागा 350 ते 500 मध्ये होत्या आणि 600 च्या वर फक्त चार प्रश्न. मागे पडलेली मुलं ओळखायला हा पेपर चांगला होता. समितीची निवडरेषा मात्र 650 वर पडत होती.

समितीला मी सांगितलं की 660 चा मुलगा आत आणि 640 ची मुलगी बाहेर, हा निर्णय या पेपरावर उभा राहत नाही. दोघांच्या गुणांत 20 चा फरक आहे, पण त्या फरकातली त्रुटीच जवळपास 89 आहे. एका सदस्यांनी विचारलं, “मग किती प्रश्न वाढवले तर चालेल?” याचं उत्तर आयआरटीत हिशेबाने देता येतं. त्रुटी 40 वर आणायची तर अचूकता 6.25 हवी, म्हणजे आणखी 3.75. भेदन 1.5 असलेला प्रश्न अगदी 650 वर बसला तर 0.56 देतो; असे सात पुरतील. पण प्रश्न नेमके तिथे बसत नाहीत, म्हणून मी 12 मागितले.

590 च्या वरच्या सुमारे 200 मुलांना 12 प्रश्नांचा दुसरा पेपर दिला. दोन्ही मिळून 650 जवळची अचूकता 6 झाली, त्रुटी 41 गुण. शिबिरात जागा 80 होत्या आणि 80 व्या मुलाच्या खाली 10 गुणांच्या आत आणखी नऊ मुलं होती. समितीने त्या नऊ जणांनाही घेतलं.