पळस, उपमा आणि उत्प्रेक्षा: अलंकारांच्या सरावाची नोंद

या खेपेस एकच विषय धरला, फुललेला पळस, आणि त्याच्यावरच उपमा आणि उत्प्रेक्षा घासून पाहिल्या.

सुरुवात साध्या ओळीने केली: ‘पळस होळीच्या ज्वाळांसारखा लाल दिसतो.’ ज्याचं वर्णन करायचं तो पळस हे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली त्या ज्वाळा हे उपमान, दोघांत सारखा असलेला लाल रंग हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगं हजर, म्हणून ही पूर्णोपमा. ‘लाल’ काढून ‘पळस ज्वाळांसारखा दिसतो’ म्हटलं की ती लुप्तोपमा होते. मला हीच जास्त आवडते, कारण रंगाबरोबर ज्वाळांची वर झेपावणारी धगही वाचकाच्या मनात येते.

मग लिहिलं, ‘पळस फुलला, जणू रानात होळीच पेटली.’ इथे तुलना मागे पडते. पळस म्हणजे होळीच असावी अशी कल्पना कवी करतो. ती खरी नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. ‘जणू’ ती शंका जागी ठेवतो, म्हणून ही उत्प्रेक्षा. ‘पळस ही रानातली होळीच’ असं ठामपणे म्हटलं, तर ते रूपक.

इथवर पाठ्यपुस्तकात सापडतं. मला खरी गोडी लागली ती हेतूत्प्रेक्षेची. पळसाची पानं गळतात आणि बहुतेक उघड्या फांद्यांवर फुलं येतात. या दोन गोष्टी कार्यकारणाने जोडून पाहिल्या:

पाने गेली सोडूनिया,
जणू त्याच रागापायी
नखशिखान्त पळस
लाल लाल झाला बाई

लाली खरी, पानगळही खरी. राग तेवढा कल्पनेतला. नसलेलं कारण असल्यासारखं मांडलं, म्हणून ही हेतूत्प्रेक्षा. हे काम उपमेच्या आवाक्यातलं नाही, कारण उपमा दोन वस्तूंमधलं साम्य दाखवते, घटनेमागचं कारण कल्पत नाही. कारणाऐवजी उद्देश कल्पिला, उदाहरणार्थ ‘वाट चुकलेल्या पाखरांना रान दिसावं म्हणून जणू पळसाने दिवे लावले’, की ती फलोत्प्रेक्षा.

ओळखताना नुसत्या खुणेच्या शब्दावर विसंबू नये. ‘वाटे’, ‘गमे’, ‘भासे’ हे उत्प्रेक्षेचे नेहमीचे शब्द खरे, पण ‘आज पाऊस येईल असं वाटतं’ यात अलंकार नाही. तो निव्वळ अंदाज आहे. तसंच ‘हा पळस त्या पळसासारखा लाल’ यात ‘सारखा’ असूनही उपमेचं सौंदर्य नाही, कारण एकाच जातीच्या दोन झाडांचं साम्य कुणाला चकित करत नाही.

पुढच्या सरावात ‘जणू’ गाळून तीच चारोळी लिहायची आहे. खुणेचा शब्द नसला तरी कल्पना जाणवली, तर ती गम्योत्प्रेक्षा. ‘पाने गेली, त्या रागाने पळस हा लाल झाला’ ही पहिली ओळ तयार आहे; राग कल्पित आहे हे तिच्यातून स्वच्छ कळतं का, हे ताडून पाहतो आहे.