दिवसभरात प्लग कुठे मिळतो?

"तुम्ही स्वतः लॅपटॉप दुरुस्त करता आणि तुमची मुलगी गेम खेळते. मग तिला शेवटी कोणता घेऊन दिलात, गेमिंगवाला की अभ्यासाचा साधा? आणि का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी कबुली. बोलायला बसलो तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या टेबलावर येणारे गेमिंग लॅपटॉप मी रोज उघडतो. पंख्यासमोरच्या जाळीत धुळीची गादी बसलेली असते, आणि कायम चार्जरला लावून तापवल्यामुळे फुगलेली बॅटरी टचपॅड वर ढकलत असते. त्यामुळे "अभ्यासासाठी साधाच बरा" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मुलगी त्याहून जास्त तयारी करून आली होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, माझं काम नुसतं टायपिंगचं नाहीये. कोड लिहायचाय, व्हर्च्युअल मशीन चालवायचंय, ब्लेंडरमध्ये थ्रीडी मॉडेल रेंडर करायचेत. आणि हो, गेमही खेळायचेत, ते मी लपवत नाही." तिने निवडलेला लॅपटॉप १५.६ इंची, २.३ किलोचा होता. त्यात आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड होतं आणि बॅटरी ६० वॉट-तासांची. माझ्या मनातला होता १४ इंची, १.४ किलोचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, ५७ वॉट-तासांच्या बॅटरीचा. किमतीत फारसा फरक नव्हता, आणि खरी गंमत तिथेच आहे. किंमत सारखी असली तरी पैसा वेगवेगळ्या ठिकाणी गेलेला असतो. गेमिंगवाल्यात तो ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि तांब्याच्या नळ्यांमध्ये जातो, आणि त्याची भरपाई बहुतेकदा स्क्रीनचे रंग, कॅमेरा आणि बॉडीच्या मजबुतीतून केली जाते. तिच्या निवडीतही स्क्रीन १४४ हर्ट्झची होती खरी, पण रंग फिके होते. ब्लेंडरमध्ये रंग बघायचेत म्हणणाऱ्या मुलीला ते मी दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा जरा गप्प झाली.

तरी वाद बॅटरीवर येऊन अडला. मी म्हटलं, "तीन तासांत संपेल." ती म्हणाली, "कशावरून? मोजून दाखव." बरोबर होतं तिचं. मी अंदाजच मारत होतो.

तिच्या मैत्रिणीकडे नेमका तोच लॅपटॉप होता, दीड वर्ष वापरलेला. तो शनिवार-रविवारपुरता घरी आला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एकच ओळ टाकायची:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना बॅटरीत किती ऊर्जा मावायची, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज किती मावते. इथे ६० ची ५२ झाली होती. दीड वर्षाला ठीकच म्हणायचं. त्याच अहवालात, चार्जर काढून ठेवलेल्या वेळात किती मिलिवॉट-तास खर्च झाले तेही लिहिलेलं असतं. आम्ही चार्जर काढला आणि तिने तासभर वर्गात करते तसंच काम केलं: नोट्स, ब्राउझर, कोड एडिटर. खर्च झाले साधारण १८,००० मिलिवॉट-तास, म्हणजे १८ वॉट. ५२ भागिले १८, तीन तासांहून थोडं कमीच.

"बघ," मी म्हटलं. बापाला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

पण १८ वॉट मलाच खटकले. नोट्स लिहायला इतकी वीज लागतच नाही, याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड झोपलेलं नव्हतं. असल्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं छोटं आणि वेगळं मोठं. हलक्या कामाला मोठ्याने पूर्ण बंद राहावं अशी रचना असते. आम्ही शोधलं तर एक हलता वॉलपेपर दाखवणारा प्रोग्राम त्याला सतत जागं ठेवत होता, आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझरला `High performance` दिलेलं होतं. (कार्ड जागं आहे का ते बघायला मी `nvidia-smi` चालवत बसलो होतो. पण ती कमांडच झोपलेल्या कार्डाला उठवते, त्यामुळे दर वेळी ते जागंच सापडायचं. मुलगी हसत होती.) दोन्ही बंद केलं, स्क्रीन १४४ वरून ६० हर्ट्झवर आणली आणि पुन्हा तासभर मोजलं. ११ वॉट.

म्हणजे नव्या बॅटरीवर साडेपाच तासांच्या आसपास. माझे "तीन तास" अर्धसत्य निघाले, आणि ते तिने मला दोनदा ऐकवलं.

मग तिला गेम लावायला सांगितलं, आधी चार्जरवर आणि मग चार्जर काढून. काढल्याबरोबर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम निम्म्याच्याही खाली आल्या. तिला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. गेम चालताना प्रोसेसर आणि कार्ड मिळून शंभराच्या वर वॉट मागतात. ६० वॉट-तासांच्या बॅटरीतून तेवढं ओढलं तर अर्ध्या तासात खेळ खलास, शिवाय बॅटरी तापणार ती वेगळीच. म्हणून लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज कमी करतो. चार्जर काढला की तो गेमिंग लॅपटॉप राहत नाही, जड लॅपटॉप राहतो. वजन मात्र निम्मं होत नाही.

कार्डाच्या नावावर जाऊ नका, हे तिला तेव्हाच सांगितलं. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० ला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही मिळू शकतं. किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. नाव तेच, ताकद वेगळी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये `Maximum Graphics Power` ही ओळ बघितली, तर मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये ७५ वॉट होते. जाहिरातीत हा आकडा बहुतेकदा ठळक लिहिलेला नसतो.

"पण मी गेम आणि रेंडर घरी टेबलावरच करते, प्लग लावून," ती म्हणाली. या एका वाक्यावर सगळी चर्चा फिरली. मी विचारलं, मग प्लगशिवाय काय करतेस, आणि किती वेळ? तिने आठवड्याचं वेळापत्रक काढलं. चार दिवस सकाळी आठला घर सोडायचं ते संध्याकाळी पाचला यायचं. त्यात स्क्रीन उघडी असते पाच तासांच्या आसपास, आणि वर्गात प्लग मिळणं नशिबावर. म्हणजे कार्ड लागणारं सगळं काम एका जागेवर, आणि फिरतं काम सगळं असं की ज्याला कार्ड नकोच.

आता त्याच पाच तासांवर दोन्ही ताडून बघितले. नवे असताना तिचा ६० भागिले ११, साडेपाच तास. माझा ५७ भागिले ७, आठ तास. (त्या प्रकारचे लॅपटॉप एवढ्याच कामाला सहा ते आठ वॉट खाताना मी पाहिलेत, म्हणून सात धरले.) दोघेही पास. पण दोन वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली असं धरा: तिचा चार तास वीस मिनिटांवर येतो, माझा साडेसहावर. पहिल्याला मग रोज चार्जर न्यावा लागणार, आणि तो चार्जर म्हणजे वीटच. वजनकाट्यावर ठेवला तर ७०० ग्रॅम भरला. लॅपटॉपसकट तीन किलो. दुसऱ्याचं सगळं मिळून पावणेदोन किलोच्या आत, शिवाय त्याचा टाइप-सी चार्जर फोनलाही चालतो. तिने पुस्तकांसकट बॅग पाठीवर घालून खोलीत दोन चकरा मारल्या आणि काही न बोलता बॅग खाली ठेवली.

मी जिंकलो असं समजू नका. माझ्या निवडीतली १६ जीबी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती, ती वाढवता येत नाही. "व्हर्च्युअल मशीनला आठ दिले, ब्राउझर उघडला, की उरलं काय? आणि तिसऱ्या वर्षी कमी पडली तर तू सोल्डर काढणार का?" नाही काढणार. दुरुस्तीवाला असून ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, याची जरा लाजच वाटली. मग तशाच वजनाचा, पण रॅमसाठी एक मोकळा स्लॉट असलेला शोधला. दीडशे ग्रॅम जड निघाला, ते तिला चाललं.

आणि गेमचं, ब्लेंडरचं? घरात माझा जुना डेस्कटॉप धूळ खात होता. त्यात आरटीएक्स ४०६० घातलं. डेस्कटॉपमधलं हे कार्ड पूर्ण ११५ वॉट घेतं, आणि तेवढी वीज त्याला कायम मिळते, कुणी कापत नाही. त्याआधी दोन गोष्टी तपासल्या: पॉवर सप्लाय ५५० वॉटचा असून त्याला आठ पिनची केबल आहे का, आणि कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी बसते का. दुसरं थोडक्यात निभावलं. हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे साधाच घ्यावा. तसं नाही. गेल्याच महिन्यात एका मुलाच्या वडिलांना मी गेमिंगवालाच सांगितला. मुलगा आर्किटेक्चरला, वसतिगृहात राहणार, घरी दुसरा संगणक नाही, रेंडरिंग रोजचं आणि तेही स्टुडिओत, जिथे प्रत्येक टेबलाला प्लग आहे. त्याला हलका लॅपटॉप देणं म्हणजे दर सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोसेसरवर रेंडर लावून बसवणं. फक्त एवढं बजावलं की चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असं सेटिंग लावा, आणि वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या.

आमच्याकडे आता वेगळीच कुरकुर आहे. डेस्कटॉप माझ्या कामाच्या खोलीत आहे. रात्री ती रेंडर लावून झोपते आणि पंख्याच्या आवाजात मी बसतो. परवा तिला म्हटलं, हा तुझ्या खोलीत हलवू या. म्हणाली, "बाबा, तिकडे एकच प्लग आहे."