काही बिघडलंच नाही, तर कॉन्ट्रॅक्ट परत कशाला?

“वर्षभर एकदाही आग लागली नाही, पंप बंद पडला नाही. मग देखभालीचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एएमसी, परत का करायची, असं सोसायटीने विचारलं तर तुम्ही काय दाखवता?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आगीबद्दल मी एक अक्षर बोलत नाही. “आग लागली असती तर केवढं नुकसान झालं असतं” हे वाक्य नूतनीकरणाच्या पत्रात घातलं की खजिनदार पत्र मिटवून ठेवतो. न लागलेल्या आगीचा हिशेब त्याला तपासता येत नाही. म्हणून त्याला स्वतः पडताळता येईल तेवढंच लिहायचं.

माझं काम सोसायट्यांच्या अग्निशमन यंत्रणेचं: पंप, हायड्रंट, होज रील, स्प्रिंकलर. ठाण्यातल्या एका चौदा मजली सोसायटीचं उदाहरण घेऊ. कॉन्ट्रॅक्ट एप्रिल ते मार्च, महिन्याला एक व्हिजिट, वर्षाचे ७२ हजार अधिक जीएसटी.

अशा इमारतीत पाण्याची लाइन कायम दाबाखाली भरलेली असते. या सोसायटीत ती चौरस सेंटिमीटरला नऊ किलो दाबावर ठेवलेली आहे. दाब आठवर आला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होऊन तो परत नऊवर नेतो. कोणी हायड्रंट उघडला आणि दाब सातच्या खाली गेला, तर मोठा पंप सुरू होतो आणि तो हातानेच बंद करावा लागतो. लाइन घट्ट असेल तर जॉकीला दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त उठावं लागू नये. म्हणून काम घेतल्या दिवशी पहिली नोंद मी जॉकीची करतो: किती वेळाने सुरू होतो आणि किती सेकंद चालतो.

इथे तो तासाला एकदा सुरू होऊन अर्धा मिनिट चालत होता. वॉचमनला ते माहीत होतं, पण “पंप चालतोय म्हणजे चांगलाच आहे” अशी त्याची समजूत. इकडे गच्चीवरच्या फायर टाकीचा ओव्हरफ्लो सतत ठिबकायचा. सोसायटीने त्यासाठी प्लंबर बोलावून फ्लोट वॉल्व्ह दोनदा बदलला होता. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं. टाकीचं पाणी खाली लाइनमध्ये यावं, पण लाइनचं पाणी टाकीत चढू नये म्हणून मध्ये एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारा वॉल्व्ह असतो. तोच पाणी उलटं सोडत होता. तपासायची रीत सोपी आहे. टाकीकडचा बटरफ्लाय वॉल्व्ह बंद करून वाट पाहायची. जॉकी गप्प बसला तर गळती त्याच बाजूची, तरीही उठत राहिला तर जमिनीखालचा पाइप शोधायचा. अर्थात तपासणी झाल्यावर तो वॉल्व्ह पुन्हा उघडायचा. तो बंद राहिला तर वरच्या टाकीचा काही उपयोग नाही.

एनआरव्ही एप्रिलमध्येच बदलला. कॉन्ट्रॅक्ट नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सुटे भाग न धरलेलं असल्यामुळे त्याचे पैसे सोसायटीने वेगळे दिले. फेब्रुवारीच्या पत्रात मी मांडलेला हिशेब असा: जॉकी मिनिटाला १८० लिटर देतो, अर्ध्या मिनिटात ९०, दिवसातून चोवीस वेळा, म्हणजे दोन हजार लिटरच्या वर. महिन्याला ६५ हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर साधारण साडेसहा. हे पाणी गच्चीवरून गटारात जात होतं. टँकरचं रजिस्टर सोसायटीच्याच केबिनमध्ये असतं, तेव्हा “मार्च आणि मे महिन्यांच्या नोंदी कृपया शेजारी ठेवून पाहाव्यात” एवढंच लिहून पुढचं त्यांच्यावर सोडलं. आमच्या मुलाला वीज बचतही लिहायची होती. मी खोडली, कारण ती दिवसाला जेमतेम एक युनिट भरते. किरकोळ बचत फुगवून लिहिली की खऱ्या बचतीवरचाही विश्वास जातो.

दुसरी दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे पॅनलवरचा सिलेक्टर स्विच. तो ‘ऑटो’वर हवा. आवाजाला कंटाळून कोणीतरी तो ‘मॅन्युअल’वर फिरवतं आणि मग आग लागली तरी पंप आपणहून उठत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं, पॅनलचे दिवेही लागलेले असतात. वर्षात तीन व्हिजिटमध्ये तो आम्हाला ‘मॅन्युअल’वर सापडला. तिन्ही तारखा व्हिजिट शीटवर आहेत आणि खाली मॅनेजरची सही आहे. डिझेल पंपाचं इंजिन सुरू करताना बॅटरी बसत होती, तेही असंच सहीसकट. सही नसलेली व्हिजिट मी पत्रात धरत नाही.

पण कागदापेक्षा चाचणी जास्त बोलते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. जानेवारीची चाचणी करताना मी कमिटीतल्या दोघांना तरी गच्चीवर बोलावतो. सगळ्यात वरचा हायड्रंट उघडायचा, पाणी जोरात वाहत असताना गेजवर साडेतीन किलो दिसतात का, ते त्यांनीच वाचायचं. सेक्रेटरी साहेबांनी मोबाइलवर गेजचा फोटो काढला, तोच मी पत्राला जोडला. कॉन्ट्रॅक्ट संपतं मार्चअखेर, पण पत्र जातं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. गच्चीवरचं पाणी तेव्हा लोकांच्या लक्षात असतं आणि कमिटीला तीन कोटेशनं मागवायला सवडही मिळते. ती मागवू नका असं सुचवायला जाऊ नये.

पत्रात आणखी एक परिच्छेद असतो, तो आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना पटत नाही: राहिलेल्या कामांचा. “बी विंगमधल्या दोन लँडिंग वॉल्व्हची चाकं गायब आहेत, ऑगस्टमध्ये अंदाजपत्रक दिलं होतं, मंजुरी बाकी आहे. सातव्या मजल्यावरचा होज रील ड्रम घट्ट फिरतो, तो आमच्याकडून व्हायचा आहे, मार्चपूर्वी करून देऊ.” नुसती स्तुती असलेलं पत्र कमिटी जाहिरात म्हणून वाचते. उणं लिहिलेलं पत्र सभेत वाचून दाखवता येतं.

शेवटी विनंती दोन ओळींत: “वरील नोंदी पाहून पुढील वर्षासाठी काम आमच्याकडे ठेवावं अशी विनंती आहे. दर ७८ हजार अधिक जीएसटी. सभेत प्रश्न असल्यास मी स्वतः हजर राहीन.” वाढ का, तेही तिथेच लिहायचं. या वेळी डिझेल पंप दर महिन्याला दहा मिनिटं चालवून पाहणं त्यात घेतलं होतं.

याच सोसायटीत दुसऱ्या एजन्सीचं कोटेशन ४८ हजारांचं आलं. खजिनदार म्हणाले, “दादा, एवढा फरक कसा समजवायचा सभासदांना?” मी त्या एजन्सीबद्दल काही बोललो नाही. त्या एजन्सीला विचारायला खजिनदारांना दोन प्रश्न लिहून दिले: वर्षात व्हिजिट किती, आणि फॉर्म बीच्या आधी वरचा हायड्रंट उघडून गेज दाखवणार का? उत्तर आलं, तीन महिन्यांतून एक व्हिजिट, फॉर्म बी “कागदपत्रांसह”. मग खजिनदारांनी मला ७४ हजारांवर यायला सांगितलं. व्हिजिट कमी करायच्या नाहीत या अटीवर मी आलो, आणि बी विंगच्या चाकांची मंजुरी त्याच सभेत लिहून घेतली.