साडेसातला फोन आला नाही तर

"पहिल्या भेटीला जाण्याआधी मैत्रिणीला सांगून जा, असं तुम्ही नेहमी म्हणता. पण सांगायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं? आणि उगाच तिला घोर लावल्यासारखं होत नाही का?"

घोर लागतो, पण अर्धवट सांगितल्यामुळे. माझा असा पहिला मेसेज दोन ओळींचा होता: "त्या अ‍ॅपवाल्याला भेटायला चाललेय. लोकेशन पाठवते, लक्ष ठेव." भेट चांगली झाली, गप्पा लांबल्या, फोन पर्समध्ये सायलेंटवर राहिला. सातला निघणार होते, फोन हातात घेतला तेव्हा नऊ वाजले होते आणि तिचे अकरा मिस्ड कॉल होते.

ती भडकली होती, पण माझ्या उशिरावर नाही. "मी काय करायचं होतं, ते तरी सांगून जायचंस," म्हणाली. माझ्या घरी फोन करावा, तर घरच्यांना या भेटीचं माहीत होतं की नाही हे तिला माहीत नव्हतं. पोलिसांना सांगावं, तर त्या माणसाचं नावसुद्धा तिच्याकडे नव्हतं. नकाशावरचा ठिपका दोन तास एकाच जागी होता. मी निवांत बसलेय, की फोन तिथे पडलाय आणि मी नाही, हे ठिपका कसं सांगणार?

तेव्हापासून मी दोन मेसेज पाठवते. पहिला आदल्या दिवशी, आणि त्यात फक्त विचारणा असते:

"उद्या संध्याकाळी एकाला पहिल्यांदाच भेटतेय. पाच ते साडेआठ फोन आवाज चालू ठेवून जवळ ठेवू शकशील का? माझा फोन आला नाही तर काय करायचं ते मी लिहून देईन. जमणार नसेल तर सरळ सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारते."

ती त्या वेळी प्रवासात किंवा झोपलेली असेल, तर बाकी सगळे तपशील असून उपयोग नाही. शिवाय "नाही" म्हणायची वाट मोकळी ठेवली की तिचं "हो" खरं असतं. जिवाभावाची पण फोन कधीच न बघणारी मैत्रीण मी या कामाला घेत नाही. थोडी कमी जवळची, पण घड्याळ पाळणारी बरी.

दुसरा मेसेज निघण्याच्या तासभर आधी:

"पाचला भेटतोय. जागेचं नाव, पूर्ण पत्ता आणि तिथला फोन नंबर खाली आहे. त्याने सांगितलेलं पूर्ण नाव, त्याचा नंबर, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट आणि आमचं शेवटचं बोलणंही पाठवलंय. माझी मी जातेय, येतानाही माझी मीच येणार. आज काय घातलंय त्याचा फोटो जोडलाय. सव्वापाचला मेसेज करेन, साडेसातला फोन. जागा बदलली तर हलायच्या आधी कळवेन. साडेसातला फोन नाही आला तर तू कर. पावणेआठपर्यंत उचलला नाही तर त्या जागी फोन करून मी आहे का विचार. तिथे नसेन किंवा काही कळलं नाही तर बहिणीला फोन कर, तिला सगळं माहीत आहे. आठपर्यंत कुणालाच पत्ता लागला नाही तर पोलिसांना कळव आणि हा मेसेज दाखव. तू एकटी तिथे जाऊ नकोस."

यातले स्क्रीनशॉट लोक हमखास विसरतात. बऱ्याच डेटिंग अ‍ॅपवर समोरच्याने जुळणी तोडली की त्याची प्रोफाइल आणि सगळं बोलणं तुमच्या फोनवरून गायब होतं. ज्याला माग ठेवायचा नाही तो हेच आधी करेल. म्हणून ते निघण्यापूर्वी मैत्रिणीकडे पोचलेले हवेत. नाव खोटं असू शकतं, पण नंबर आणि फोटो हातात असले की शोध कुठून तरी सुरू होतो.

मेसेजचा शेवटचा भाग लिहिताना मला अजूनही थोडं अवघडतं. पोलिसांचं नाव काढलं की भेट एकदम गुन्हेगारी कथेसारखी वाटते. पण तो निर्णय मी घेऊन ठेवला नाही, तर आठ वाजता घाबरलेल्या अवस्थेत तिला घ्यावा लागतो. "उगाच तमाशा होईल का" या विचारात वेळ जातो. माणूस हरवला की चोवीस तास थांबावं लागतं, अशीही समजूत असते. धोक्याची शंका असेल तर थांबू नये, लगेच कळवावं. हेही मी तिला आधीच सांगून ठेवते.

लोकेशनचं म्हणाल तर ते पाठवाच, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशनला पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात. घाईत एक तास निवडला तर ते भेटीच्या मध्येच बंद पडतं आणि मैत्रिणीच्या पोटात गोळा येतो. मी आठ तास ठेवते आणि घरी पोचल्यावर स्वतः बंद करते. बॅटरी संपली किंवा नेट गेलं तर ठिपका शेवटच्या जागी थिजतो, म्हणून ते कधीचं आहे तेही बघायला तिला सांगितलेलं असतं.

आता खुणेचं. "मी ठीक आहे" हे माझ्या फोनवरून कुणीही लिहू शकतं, किंवा माझ्याकडून लिहवून घेऊ शकतं. म्हणून साडेसातला मेसेज चालत नाही, आवाज हवा. पण आवाजावरही दबाव असू शकतो. लोक विचित्र सांकेतिक शब्द ठरवतात आणि ऐन वेळी विसरतात. आमची खूण सोपी आहे. मी तिला एरवी टोपणनावानेच हाक मारते. पूर्ण नावाने मारली तर बोलण्यात काहीही असो, मी अडचणीत आहे. मग आठची वाट बघायची नाही. धोका नाही पण निघायला निमित्त हवंय, अशा वेळेसाठी वेगळी खूण आहे: "किल्ली कुठे ठेवलीस?" असा मेसेज गेला की ती दोन मिनिटांत फोन करते आणि दाराबाहेर अडकल्याचं सांगते. ही दुसरी खूण मी तीनदा वापरलीय, त्यातल्या दोन वेळा निव्वळ कंटाळ्यापोटी.

समोरच्यालाही मी लपवत नाही. "साडेसातला मैत्रिणीला फोन करायचाय" एवढं बसल्या बसल्या सांगते. बहुतेक जण मान डोलावतात. एकाने "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणत फोन बाजूला ठेवायला लावला होता. त्या दिवशी किल्ली खरंच हरवली.

भेट छान चालली आणि थांबावंसं वाटलं तर? मग साडेसातलाच फोन करून नवी वेळ द्यायची: "नऊला करते. बाकी सगळं तसंच, दीड तासाने पुढे." वेळ उलटून गेल्यावर सांगायचं नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी ती पावणेआठला फोन करण्याऐवजी "रमली असेल" म्हणून चहा ठेवायला जाईल, आणि चूक तिची नसेल.

हे सगळं एकाच व्यक्तीला पाठवते, ग्रुपवर नाही. त्या माणसाने अजून काहीच वाईट केलेलं नसतं, त्याचा नंबर आणि फोटो दहा जणींकडे फिरायचं कारण नाही. शिवाय दहा जणींत प्रत्येकीला वाटतं, दुसरीने फोन केला असेल. घरी पोचून दार लावलं की मी फोन करते, लोकेशन बंद करते आणि मग ते स्क्रीनशॉट ती डिलीट करते. मागच्या वेळी तिने विचारलं, "हा बरा दिसतोय, ठेवू का?" म्हटलं, नको, दुसऱ्या भेटीआधी नवे पाठवते.