गादीतला खड्डा आणि पलंगाखालचा पाय

सहा वर्षं वापरलेली आमची डबल गादी मधोमध बसली होती. मी तिच्यावर जाड टॉपर टाकला. पंधरा दिवस बरं वाटलं, मग टॉपरही त्याच खड्ड्यात जाऊन बसला. तो मऊ असतो, खालचा आकार जसा असेल तसा घेतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग मी ठरवलं की आता काहीही विकत घ्यायचं नाही, आधी मोजायचं.

मोजणं सोपं निघालं. चादर काढली, गादीच्या दोन्ही लांब कडांवर टेकेल अशी सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून गादीपर्यंत फूटपट्टी उभी धरली. अगदी मध्यभागी 22 मिलिमीटर, नवऱ्याच्या बाजूला कमरेच्या जागी 33. नंतर दोघांनी मिळून गादी खाली फरशीवर टाकली आणि त्याच जागा पुन्हा मोजल्या. मध्यभागी आता 2 मिलिमीटर, त्याच्या बाजूला 17 आणि माझ्या बाजूला 8. म्हणजे मधली जवळजवळ सगळी घसरगुंडी पलंगाची होती. दोघांच्या कमरेखालचे दोन खड्डे मात्र फोमचे होते. दोष दोन होते आणि मी त्यांना एकच समजत होते.

खरं तर हे झोपतानाच कळायला हवं होतं. रात्री आम्ही दोघंही न ठरवता मध्याकडे घरंगळत होतो. असं होतं तेव्हा खालचा आधार खचलेला असतो. फोम बसला असेल तर प्रत्येकजण आपापल्या खळग्यात अडकतो आणि कूस बदलताना चढ चढावा लागतो. आम्हाला दोन्ही त्रास होते.

आधी पलंग बघितला. पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या, त्यांच्या खाली लांबीच्या दिशेने एक मधला दांडा आणि त्या दांड्याला मध्ये एकच पाय. मी टॉर्च घेऊन खाली वाकले. त्या पायाचा प्लास्टिकचा बूट गायब होता. झाडताना पलंग ओढला तेव्हा कधीतरी निघाला असणार. तेवढ्याने पाय जवळजवळ 2 सेंटिमीटर आखूड झाला होता, मग दांडा खाली झुकला आणि पट्ट्या त्याच्यामागे गेल्या. पट्ट्यांवर आडवी ताणलेली दोरी धरली तर मध्ये 20 मिलिमीटर अंतर दिसलं. 15 मिलिमीटर जाडीच्या 11 पट्ट्यांपैकी तीन गाठींपाशी चिरल्याही होत्या, आणि दोन पट्ट्यांमधली फट 11 सेंटिमीटरची होती. एवढ्या फटीत फोम खाली ओघळतो. फट 7 सेंटिमीटरच्या आसपास असली तर बरं.

मी सुतारकाकांना म्हटलं, "चिरलेल्या तीन बदलून 20 मिलिमीटरच्या टाका."

ते म्हणाले, "ताई, मग गादीला पायऱ्या लागतील. बदलायच्या तर सगळ्या बदला, नाहीतर जुन्याच जाडीच्या घाला."

बरोबरच होतं. मी सगळ्या बदलल्या. लाकडी पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 15 ऐवजी 20 मिलिमीटर म्हणजे पट्टी सव्वादोन पटीहून जास्त ताठ होते, लाकूड मात्र एक तृतीयांशच जास्त लागतं. 190 सेंटिमीटर लांबीच्या पलंगात 7 सेंटिमीटर रुंदीच्या 15 पट्ट्या बसवल्या, तेव्हा फट साधारण 6 सेंटिमीटर उरली. दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू घातला, कारण तसाच घातला की टोक चिरतं. मधल्या पायाखाली लाकडाचा ठोकळा बसवून दांडा सरळ केला. प्लायवूडचा अखंड तक्ता टाकायचा मोह झाला होता, पण फोमखाली हवा खेळली नाही तर शरीराचा दमटपणा तिथेच साठतो आणि बुरशी धरते. तक्ता टाकायचाच असेल तर त्याला ठिकठिकाणी भोकं हवीत.

दोरी पुन्हा धरली, आता 2 मिलिमीटर. गादी वर टाकली. घरंगळणं त्याच रात्री थांबलं. नवऱ्याच्या बाजूचा खळगा मात्र 18 मिलिमीटरवर होताच.

"गादी फिरवू या," तो म्हणाला. आम्ही डोकं-पाय अदलाबदल केली आणि सकाळी माझी कंबर दुखत होती. कागदावर आकृती काढली तेव्हा कारण कळलं. उशीच्या बाजूने मोजलं तर माणसाची कंबर साधारण 90 ते 100 सेंटिमीटरवर येते आणि 190 च्या गादीचा मध्य 95 वर. म्हणजे गादी 180 अंशांत फिरवली तरी कमरेचा खड्डा लांबीच्या दिशेने जवळजवळ होता तिथेच राहतो, फक्त बाजू बदलते. त्याचा खड्डा आता माझ्याखाली आला होता! नव्या गादीला दर तीन महिन्यांनी फिरवलं तर दोघांचं वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं, तेवढ्यासाठी फिरवणं उपयोगी आहे. एकदा पडलेला खड्डा त्याने भरत नाही. उलटी करणं जास्त कामाचं, पण ते दोन्ही बाजूंनी वापरायच्या गादीलाच जमतं. आमच्या गादीचा मऊ थर एकाच बाजूला होता.

मग कव्हरची चेन उघडली. त्याआधी लेबल नीट वाचलं: काही गाद्यांच्या आतल्या आवरणात आगरोधक म्हणून काचतंतू असतात आणि चेन उघडली की ते घरभर पसरतात. आमच्या लेबलवर तसं काही नव्हतं आणि वॉरंटीही संपलेली होती. वॉरंटी चालू असेल तर गादी उघडण्याआधी तिच्या अटी बघाव्यात.

आत खालचा कडक थर जवळजवळ सपाट होता, जास्तीत जास्त 3 मिलिमीटर दबलेला. वरचा 5 सेंटिमीटरचा मऊ थर कडेला 50 मिलिमीटर, नवऱ्याच्या कमरेखाली 36. म्हणजे खड्ड्याचा मोठा भाग या एकाच थरात होता. त्याच्या कोपऱ्यातून 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: 14 ग्रॅम. 500 घनसेंटिमीटरला 14 ग्रॅम म्हणजे घनमीटरला 28 किलो. रोज दोन माणसं झोपणार असतील तर ही घनता हलकी आहे. हलक्या फोमच्या पेशींच्या भिंती रोजच्या दाबाने थकतात आणि पुन्हा पूर्ण वर येत नाहीत. दुकानात हाताने दाबून हे कळत नाही, कारण मऊपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ फोमही दाट असू शकतो.

तेवढाच थर 40 घनतेचा, तितकाच मऊ आणि तितक्याच जाडीचा मागवला. जाडी वाढवली असती तर चेन लागली नसती. फोमला चालणारा गोंद फक्त कडेने चार बोटं लावला आणि मधला भाग मोकळा ठेवला, कारण सुकलेल्या गोंदाचा कडक पापुद्रा पाठीला टोचतो. खालचा थरही बसला असता, किंवा गादी स्प्रिंगची असून स्प्रिंगच वाकल्या असत्या, तर मी हा खटाटोप केला नसता.

नवा थर येईपर्यंतचे दहा दिवस एक घडी केलेली जुनी चादर गादीच्या खाली, बरोबर खळग्याच्या जागी, पट्ट्यांवर ठेवली होती. कामचलाऊ, पण टॉपरपेक्षा बरी.

आता पाच महिने झाले. काल पुन्हा लाकडी पट्टी आडवी ठेवली, नवऱ्याच्या बाजूला 4 मिलिमीटर आणि मध्यभागी 3. पलंगाखाली टॉर्चही मारला, ठोकळा जागेवर आहे.